खरेदीच्या बिलामागचा ट्रक: व्हाउचिंग करताना ऑडिटर नेमकं काय पाहतो

ऑफिसात नव्याने आर्टिकलशिपला आलेल्या मुलामुलींना पहिलं काम बहुतेक वेळा हेच मिळतं: खरेदीची बिलं तपासा. मुलगा क्लायंटकडे जातो, अकाउंटंट फाईल काढून देतो, मुलगा बिलावरची रक्कम टॅलीतल्या रकमेशी जुळवतो आणि हिरव्या पेनाने टिक मारतो. संध्याकाळपर्यंत साठ टिका झालेल्या असतात. पण त्या साठ टिकांनी फक्त एवढंच सिद्ध झालेलं असतं, की अकाउंटंटला कागदावरचा आकडा कॉम्प्युटरमध्ये नीट उतरवता येतो. माल आला का, तेवढाच आला का, या वर्षात आला का, यातलं काहीच कळलेलं नसतं.

म्हणून हा लेख एकाच प्रकारच्या खरेदीवर लिहितोय. कुपवाड एमआयडीसीतली हळद पावडर करणारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आणि तिचं २०२४-२५ चं ऑडिट, एवढाच आवाका. ओळख राहू नये म्हणून आकडे बदलले आहेत, पण घडलेल्या गोष्टी तशाच आहेत.

आधी खरेदीची वाट समजून घ्या

बिलाला हात लावण्याआधी अर्धा दिवस फॅक्टरीच्या गेटवर घालवा. या कंपनीची हळद दोन वाटांनी येते. सांगलीच्या मार्केट यार्डात सौदे निघतात, अडत्याकडून माल उचलला जातो आणि अडत्याची पट्टी, म्हणजे त्याचं हिशोबाचं बिल, मागाहून येते, कधी दोन दिवसांनी, कधी आठवड्याने. दुसरी वाट बाहेरच्या व्यापाऱ्याची, उदाहरणार्थ निजामाबादची. तिथला माल ट्रकबरोबर बिल, ई-वे बिल आणि बिल्टी घेऊनच येतो.

ट्रक गेटवर आला की वॉचमन आवक रजिस्टरात गाडी नंबर, वेळ आणि पोती लिहितो. मग वजनकाटा: भरलेली गाडी, रिकामी गाडी, दोन वजनं, एक पावती. त्यानंतर लॅब नमुना घेते, ओलावा पाहते, हळकुंड आणि गोल कंद यांचं प्रमाण पाहते. शेवटी स्टोअर माल पावती करतं, जिला सगळे जीआरएन म्हणतात. हे सगळं झाल्यावर बिल अकाउंट्समध्ये पोचतं.

म्हणजे एका ट्रकचे किमान चार ठसे चार वेगवेगळ्या माणसांनी उमटवलेले असतात. ऑडिटरचं काम ते ठसे एकमेकांशी जुळतात का, हे पाहण्याचं आहे. यातलं बिल हे एकटंच असं, जे बाहेरच्या माणसाने बनवलेलं असतं आणि जे खोटं मिळवणंही सगळ्यात सोपं असतं.

नमुना कसा निवडायचा

अकाउंटंटला “कुठलीही पन्नास बिलं द्या” म्हणू नका, आणि स्वतःही फाईल उघडून मधून मधून बिलं उपसू नका. हाताला नेहमी जाड, नीट लावलेली फाईल लागते.

या कंपनीची वर्षाची कच्च्या हळदीची खरेदी ४१२ बिलांत १८ कोटी ७० लाख रुपये होती. आम्ही पुढचं गणित असं केलं. एकूण हिशोबात ४० लाखांपर्यंतची चूक खपू शकते, त्यापुढे नाही, असं ठरवलं. पुरवठादारांची कन्फर्मेशन आणि उताऱ्याचा, म्हणजे किती कच्च्या हळदीतून किती पावडर निघाली याचा, ताळा आम्ही वेगळा करणारच होतो. त्यामुळे या एका तपासणीवर ८० टक्के खात्रीचा भार टाकला. त्यासाठीचा गुणक १.६ असतो, ९५ टक्के खात्री हवी असती तर ३ घ्यावा लागला असता. ४० लाख भागिले १.६ म्हणजे २५ लाख. हे आमचं अंतर.

आता २५ लाख किंवा त्याहून मोठी जी बिलं होती, ती सगळीच तपासायची. अशी १४ निघाली, ५ कोटी २० लाखांची. उरलेल्या १३ कोटी ५० लाखांत दर २५ लाखांमागे एक बिल, म्हणजे ५४. एकूण ६८ बिलं.

निवड एक्सेलमध्ये करता येते. खरेदी परत आणि क्रेडिट नोटा आधी बाजूला काढा, नाहीतर वजा रकमा बेरीज बिघडवतात. २५ लाखांच्या आतल्या उरलेल्या बिलांच्या रकमा D2 पासून खाली ठेवा आणि E1 मध्ये 0 टाका. सुरुवातीचा आकडा २५ लाखांच्या आतला, चिठ्ठी उचलल्यासारखा हवा. आमचा ७,४०,००० आला होता.

```
E2:  =SUM(D$2:D2)
F2:  =INT((E2-740000)/2500000)-INT((E1-740000)/2500000)
```

दोन्ही सूत्रं खालपर्यंत ओढा. F मध्ये जिथे 1 येईल ते बिल निवडलं गेलं. यात प्रत्येक रुपयाला निवडलं जाण्याची सारखी संधी मिळते, म्हणून मोठी बिलं जास्त येतात, पण छोटीही सुटत नाहीत. निवड झाल्यावर यादी बदलायची नाही. एखादं बिल सापडत नाही म्हणून शेजारचं घेतलं, तर सगळं गणित वाया जातं. त्याबद्दल शेवटी सांगतो.

एक बिल, पूर्ण उलगडून

निवडलेल्यांपैकी एक बिल घेऊ. निजामाबादचा व्यापारी, तारीख १८ मार्च २०२५. ४०० पोती हळकुंड, निव्वळ वजन २४० क्विंटल, भाव १४,२०० रुपये. किंमत ३४,०८,०००, त्यावर ५ टक्के आयजीएसटी १,७०,४००, एकूण ३५,७८,४००.

वरवरच्या गोष्टी पटकन उरकाव्यात. बिल आपल्याच कंपनीच्या नावावर आणि जीएसटी नंबरावर आहे का, गुणाकार-बेरीज बरोबर आहे का, बाहेरच्या राज्याचा माल असल्याने आयजीएसटीच लागलाय का. पुरवठादाराची उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर ई-इनव्हॉइस लागतं. त्याचा क्यूआर कोड मोबाईलने स्कॅन करून आतली रक्कम छापलेल्या रकमेशी जुळवा. यात सगळं ठीक होतं.

मग सौदा. भाव कोणी ठरवला? खरेदी मॅनेजरच्या मेलवर सौदापत्र होतं: १४,२०० चा भाव, हळकुंड, अर्ध्या टक्क्यापर्यंतची घट खरेदीदाराची, त्यापुढची विकणाऱ्याची. ही शेवटची अट वाचायला विसरू नका. पुढचं सगळं तिच्यावर अडलं.

मग गेट. आवक रजिस्टरात २० मार्चला तोच गाडी नंबर, ४०० पोती. ई-वे बिलावरही तोच नंबर. ई-वे बिल निघाल्याची वेळ गाडी गेटवर पोचण्याच्या आधीची असलीच पाहिजे. हे सांगायला नको असं वाटेल, पण उलटं निघालेलं मी पाहिलंय. राज्याबाहेरून येणाऱ्या ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे.

मग वजनकाट्याची पावती, आणि इथे गाडी थांबली. भरलेली गाडी ३४,७२० किलो, रिकामी १०,९८०. फरक २३,७४०. त्यातून ४०० बारदानांचे पोत्यामागे एक किलो धरून ४०० किलो वजा. निव्वळ २३,३४० किलो, म्हणजे २३३.४० क्विंटल. बिल २४० चं. साडेसहा क्विंटलहून जास्त माल आलाच नव्हता.

स्टोअरने जीआरएन बरोबर २३३.४० चीच केली होती. अकाउंट्सने मात्र बिलाप्रमाणे २४० ची खरेदी नोंदली. दोघांनीही आपापलं काम केलं होतं, पण दोन कागद एकत्र कोणी ठेवले नव्हते. साधी टिक मारणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं, कारण बिल आणि टॅली यांच्यात एक रुपयाचाही फरक नव्हता.

आता हिशोब. घट ६.६० क्विंटल. सौद्याप्रमाणे अर्धा टक्का, म्हणजे १.२० क्विंटल आपल्या अंगावर. ती मालाच्या किमतीतच राहते, आलेल्या हळदीचा भाव तेवढा चढतो. उरलेली ५.४० क्विंटल पुरवठादाराकडून वसूल व्हायची: ५.४० गुणिले १४,२००, म्हणजे ७६,६८० रुपये, आणि त्यावरचा जीएसटी ३,८३४. अकाउंटंट म्हणाले, डेबिट नोट काढली आहे की. काढली होती, पण ९ एप्रिलला. माल मार्चचा, घट मार्चची, वजनाची पावती मार्चची. म्हणून ३१ मार्चच्या हिशोबात खरेदी ७६,६८० ने कमी व्हायला हवी होती आणि न आलेल्या मालावर घेतलेलं जीएसटी क्रेडिटही मागे घ्यायला हवं होतं.

लॅबचा कागदही असाच पाहायचा. बिल हळकुंडाच्या भावाने आणि लॅबच्या नोंदीत गोल कंद जास्त, असं असेल तर भावात कपात ठरली होती का, हे विचारायचं. या ट्रकचा रिपोर्ट ठीक होता.

शेवटी पैसे कुठे गेले. बँकेतली रक्कम त्याच पुरवठादाराच्या खात्यात गेली का, हे बँक स्टेटमेंटवरून पाहायचं. टॅलीतल्या नावावरून नाही. जीएसटीआर-२बी मध्ये बिल दिसतंय का, हेही इथेच. दिसत नसेल तर क्रेडिट घेता येत नाही. आणि दिसत असलं तरी माल आल्याचा तो पुरावा नाही. विकणाऱ्याने रिटर्नमध्ये बिल दाखवलं, एवढंच त्यातून कळतं.

शेतकऱ्याकडून थेट घेतलेल्या मालाला त्याचं बिल नसतं. तिथे कंपनीची खरेदी पावती, वजन, शेतकऱ्याची सही आणि सातबारा पाहतो. रोखीने दिलेल्या १० हजारांवरच्या रकमेला आयकरात सूट आहे ती पिकवणाऱ्याला दिलेल्या पैशापुरती. अडत्याला रोख दिली तर ती सवलत लागू नाही, आणि काही जण दोन्ही एकाच खात्यात घालतात.

खोटं बिल कसं ओळखू येतं

ट्रकबरोबर आलेलं बिल हातात घेतलं की कळतं. चार घड्या पडलेल्या असतात, गेटचा शिक्का थोडा तिरका असतो, कडेला ड्रायव्हरच्या किंवा हमालाच्या बोटांचा पिवळा डाग असतो. आता निम्मी बिलं मेलवर पीडीएफ येतात, त्यामुळे कोऱ्या कागदाला दोष देता येत नाही. पण बाकीची सगळी फाईल पिवळी आणि एकाच पुरवठादाराची सहा बिलं इस्त्री केल्यासारखी असतील, तर त्या सहांच्या वजनपावत्या आधी मागा.

वजन हा दुसरा धागा. खऱ्या हळदीचं वजन काट्यावर क्वचितच गोल येतं. प्रत्येक बिल नेमकं १०० किंवा १५० क्विंटल असेल आणि काट्याची पावतीही तेवढीच असेल, तर ती पावती काट्यावर झालेली नाही. बिलांचे नंबर पाहा: तीन महिन्यांत ४१, ४२, ४३, ४४ असे ओळीने आले, तर त्या व्यापाऱ्याला आपल्याशिवाय गिऱ्हाईकच नाही, असा अर्थ होतो. गाडी नंबर वाहन पोर्टलवर टाका. दोनशे पोती घेऊन आलेली गाडी तिथे मोटारसायकल निघू शकते. जीएसटी पोर्टलवर नोंदणी कधीची आहे, रद्द झाली आहे का, तेही पाहा.

यातल्या एका खुणेवरून कोणाला चोर ठरवायचं नाही. नवीन व्यापाऱ्याचे नंबर ओळीने येऊ शकतात. पण खूण दिसली की नमुन्याच्या बाहेर जाऊन त्या पुरवठादाराची वर्षभराची सगळी बिलं काढायची.

दुबार नोंद ही वेगळी गोष्ट, तिच्यात बहुधा लबाडी नसते. आर्टिकलशिपच्या पहिल्या वर्षी मी एकाच बिलावर दोनदा टिक मारली होती. मूळ बिलाचा नंबर ११८, आणि मेलच्या प्रिंटवरून झालेल्या नोंदीत तोच नंबर वर्षासकट लिहिलेला. दोन्ही कागद खरे, दोन्ही रकमा जुळलेल्या, आणि तेव्हा मी वजनपावती मागितलीच नव्हती. सिनियरने ते काढलं, कारण त्यांनी पावतीचा नंबर मागितला आणि दोन्ही बिलांसाठी एकच पावती समोर आली. तेव्हापासून बिल नंबरवर विसंबत नाही. अख्खी खरेदी पुरवठादार आणि रक्कम यांवर लावून सारख्या जोड्या आधी काढतो.

३१ मार्च आणि हळदीचा हंगाम

बऱ्याच धंद्यांत मार्चअखेर हा फक्त हिशोबाचा दिवस असतो. सांगलीच्या हळदीत तो भर हंगामात येतो. फेब्रुवारीपासून नवा माल सुरू होतो, मार्च-एप्रिलात आवक जोरात असते. त्यामुळे दोन-चार दिवसांची गडबड इथे लाखांत जाते.

या कंपनीत दोन्ही बाजूंची चूक सापडली. पहिली: निजामाबादहून २९ मार्चचं बिल, मार्चच्या खरेदीत नोंदलेलं. ३० ला पाडवा, गाडी गेटवर आली १ एप्रिलला. ३१ तारखेच्या स्टॉकमोजणीत तो माल नाही. खरेदी आत, स्टॉक बाहेर, म्हणजे नफा तेवढ्याने कमी. इथे पुन्हा सौदापत्र उघडायचं. माल तिकडच्या गोदामातून उचलला की आपला, असं ठरलं असेल तर खरेदी मार्चचीच आणि तो माल ‘वाटेतला स्टॉक’ म्हणून धरायचा. आपल्या गेटवर पोच झाल्यावर आपला, असं असेल तर खरेदी एप्रिलची. यात सौदा तिकडच्या गोदामातून उचलण्याचा होता, म्हणून स्टॉक वाढवला. अशा सौद्यात जीएसटीचं क्रेडिटही माल तिकडे वाहतूकदाराच्या ताब्यात दिल्यावर घेता येतं, म्हणजे मार्चमध्येच.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची, कारण ती ६८ बिलांत कधीच सापडली नसती. २७ मार्चला यार्डातून १८० पोती आली, जीआरएन झाली, मोजणीत धरली गेली. अडत्याची पट्टी ६ एप्रिलला पोचली आणि खरेदी एप्रिलमध्ये नोंदली गेली. स्टॉक आत, खरेदी बाहेर, नफा फुगलेला.

पुस्तकातलं बिल उचलून कागदापर्यंत गेलात, तर पुस्तकात असलेलं खोटं सापडतं. पुस्तकात नसलेलं सापडायचं असेल तर उलटं चालावं लागतं: गेट रजिस्टरातली नोंद उचला आणि ती खरेदीखात्यापर्यंत न्या. जे नोंदलंच नाही ते खरेदीच्या यादीतून नमुना काढून कसं निवडलं जाईल? म्हणून २१ मार्च ते १० एप्रिल या काळातल्या गेटच्या सगळ्या हळदीच्या नोंदी आम्ही घेतल्या, आणि एप्रिल-मेमध्ये आलेल्या पट्ट्यांची मूळ सौद्याची तारीखही पाहिली. वजनपावत्यांचे नंबर सलग आहेत का, हेही याच वेळी तपासायचं. मधली पावती गायब असेल तर तिचा ट्रक शोधा.

चूक सापडली की तिचं काय करायचं

वरची ७६,६८० ची चूक २५ लाखांच्या वरच्या गटातली होती. तो गट आपण पूर्ण तपासला, म्हणून ती आहे तेवढीच धरायची. पण उरलेल्या ५४ मधल्या ३,६०,००० च्या एका बिलात ९,००० जास्त नोंदले होते. ते ९,००० म्हणून सोडायचं नाही. बिलाच्या अडीच टक्के चूक, आणि ते बिल २५ लाखांच्या खरेदीचं प्रतिनिधी; म्हणून २५ लाखांचे अडीच टक्के, ६२,५०० ची चूक धरायची. अशा सगळ्यांची बेरीज ४० लाखांच्या मर्यादेशी ताडायची, आणि ती मर्यादेच्या आसपास पोचायला लागली तर नमुना वाढवायचा.

वर्किंग पेपरवर नुसती टिक ठेवू नका. बिल नंबर, गेट नोंदीचा नंबर, वजनपावतीचा नंबर, जीआरएन, बिलाचं वजन, आलेलं वजन, पैसे गेल्याची तारीख, एवढे रकाने करा. फरक असेल तिथे कोणाला विचारलं, त्यांनी काय सांगितलं आणि ते कशावरून पटलं, हे दोन ओळींत लिहा. पुढच्या वर्षी दुसरा मुलगा येईल, त्याला ते वाचून तोच कागद हातात घेता आला पाहिजे.

आता न सापडणारं बिल. निवडलेल्या ५४ मध्ये ८५,००० चं एक बिल मिळेना. अकाउंटंटने शेजारचं पुढे केलं, आम्ही घेतलं नाही. आधी दुसरे ठसे शोधायचे: गेट, काटा, जीआरएन, बँक, पुरवठादाराकडून परत मागवलेली प्रत. यातलं काहीच मिळालं नाही तर ते पूर्ण बिल चूक धरावं लागतं. शंभर टक्के चूक म्हणजे आमच्या गणितात सरळ २५ लाख, ४० लाखांच्या मर्यादेतला निम्म्याहून जास्त भाग एका ८५ हजारांच्या कागदापायी. हे समजावून सांगितल्यावर अकाउंटंट स्वतः उठले. गेट रजिस्टरात १४ नोव्हेंबरला गाडी होती, दहा पोती. बिल अकाउंट्सच्या फाईलला लागलंच नव्हतं. वजनकाट्याच्या केबिनमध्ये, त्या दिवसाच्या पावतीला टाचणी लावून तसंच राहिलं होतं. पावतीवरचं वजन बिलापेक्षा चार किलोने कमी होतं.